मोडीत निघालेल्या कंपनीचे ऑडिट

कंपनीचा ताळेबंद वाचताना एक गोष्ट न सांगताच मान्य केलेली असते: ही कंपनी पुढेही चालू राहणार आहे. दोन कोटींना घेतलेले यंत्र पाच वर्षांनी सव्वा कोटीचे दाखवले जाते, याचा अर्थ ते बाजारात सव्वा कोटीला विकले जाईल असा नसतो. यंत्राच्या खर्चापैकी एवढा भाग अजून पुढच्या वर्षांच्या उत्पन्नावर टाकायचा आहे, इतकाच त्याचा अर्थ. पुढची वर्षे येणारच आहेत असे धरले तरच या आकड्याला आधार असतो. हिशेबशास्त्रात या गृहीतकाला ‘गोइंग कन्सर्न’, म्हणजे चालू राहणारा व्यवसाय, असे म्हणतात. भारतीय लेखा मानक क्रमांक १ ने ते तीन मूलभूत गृहीतकांत धरले आहे. ते पाळले असेल तर वेगळे सांगावे लागत नाही. पाळले नसेल तर मात्र तसे स्पष्ट लिहावे लागते.

हे गृहीतक कोसळले की ताळेबंदातल्या प्रत्येक ओळीला विचारायचा प्रश्न बदलतो. ‘किती खर्च झाला आणि त्यातला किती उरला?’ हा प्रश्न मागे पडतो. त्याच्या जागी ‘आज विकायला काढले तर हातात रोख किती येईल, कोणाकडून, केव्हा, आणि त्यातून विक्रीचा खर्च किती जाईल?’ हा प्रश्न येतो. या पद्धतीने मांडलेल्या हिशेबाला ब्रेक-अप बेसिस, म्हणजे मोड-आधार, म्हणतात. ऑडिटरचे कामही त्याबरोबर बदलते. जुनी बिले आणि घसाऱ्याचे तक्ते पुरावा म्हणून फारसे उपयोगी पडत नाहीत. तपासायचे असतात ते अंदाज, आणि अंदाज करणाऱ्यांचे हेतू.

गृहीतक सोडायचे केव्हा

तोटा होतो आहे, बँकेचे हप्ते थकले आहेत किंवा कामगारांचे पगार लांबले आहेत, एवढ्यावरून कंपनी मोडीत निघाली असे ठरत नाही. ही संकटाची चिन्हे असतात. ती दिसली तर ऑडिटरने व्यवस्थापनाकडून पुढच्या निदान बारा महिन्यांचा अंदाज मागवून तो तपासायचा असतो. भारतात हे काम ऑडिट मानक ५७० नुसार चालते. शंका मोठी असली पण वाचण्याचा मार्ग खरोखर उपलब्ध असला, तर हिशेब चालू व्यवसायाच्या आधारावरच राहतात आणि शंका टिपणांत व अहवालात नोंदली जाते.

आधार सोडण्याची कसोटी याहून कडक आहे. व्यवस्थापनाने कंपनी गुंडाळायचे किंवा धंदा बंद करायचे ठरवले असेल, किंवा तसे करण्यावाचून व्यवहार्य पर्यायच उरला नसेल, तरच चालू व्यवसायाचा आधार वापरता येत नाही. या कसोटीच्या दुसऱ्या भागावर वाद होतात. संचालक म्हणतात, गुंतवणूकदार येणार आहे. ऑडिटर विचारतो, त्याचे पत्र कुठे आहे, त्याने कागदपत्रांची तपासणी सुरू केली आहे का, बँकेने थकबाकीबद्दल त्याला लेखी काही कळवले आहे का? उत्तरात नुसत्या बैठकांच्या आठवणी मिळाल्या, तर तो पर्याय व्यवहार्य धरता येत नाही.

जेट एअरवेजच्या उदाहरणावरून ही रेषा किती नाजूक असते ते कळते. मुंबईच्या या विमान कंपनीने १७ एप्रिल २०१९ रोजी उड्डाणे थांबवली, म्हणजे आर्थिक वर्ष संपून जेमतेम सतरा दिवस झाले होते. जूनमध्ये दिवाळखोरी संहितेखालची प्रक्रिया सुरू झाली. पण ती प्रक्रिया कंपनी वाचवण्यासाठी असते. त्या काळात कंपनी शक्य तितकी चालू ठेवणे हे रिझोल्यूशन प्रोफेशनलचे कामच असते. पुढे पुनरुज्जीवनाची योजना मंजूरही झाली. ती प्रत्यक्षात न आल्याने अखेर ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनी अवसायनात काढण्याचा आदेश दिला. धंदा थांबणे, दिवाळखोरीचा अर्ज दाखल होणे आणि अवसायनाचा आदेश निघणे हे तीन वेगळे टप्पे आहेत. कोणत्या टप्प्यावर पर्याय संपले, हे प्रत्येक वेळी पुराव्यावरून ठरवावे लागते.

तारखेचाही एक नियम आहे. ताळेबंदाच्या तारखेनंतर घडलेल्या घटनांपैकी बहुतेकांमुळे त्या तारखेचे आकडे बदलत नाहीत. ३१ मार्चनंतर आग लागली तर ती पुढच्या वर्षाची. पण कंपनी बंद करण्याचा निर्णय मेमध्ये झाला आणि हिशेबांवर सह्या जुलैमध्ये होणार असतील, तर ३१ मार्चचे हिशेबही चालू व्यवसायाच्या आधारावर करता येत नाहीत. ‘त्या दिवशी कंपनी चालू होती’ हा बचाव इथे चालत नाही.

मोड-आधाराचे नियम कुठे लिहिलेले आहेत

इथे एक अडचण आहे. चालू व्यवसायाचा आधार सोडल्यास ते जाहीर करा, कोणत्या आधारावर हिशेब केले ते सांगा, आणि कंपनी चालू का धरली नाही याचे कारण द्या, असे भारतीय आणि आंतरराष्ट्रीय मानके सांगतात. पण त्या दुसऱ्या आधारावर यंत्र कसे मोजायचे, बंद करण्याचा खर्च आधीच धरायचा की नाही, किंमत वाढली असेल तर ती दाखवायची का, याचे तपशीलवार नियम त्यांत नाहीत. अमेरिकेत असे नियम २०१३ मध्ये स्वतंत्रपणे आले. तिथे मालमत्ता विकून जेवढी रोख अपेक्षित असेल तेवढी दाखवतात, विक्रीचा आणि कंपनी गुंडाळेपर्यंतचा अपेक्षित खर्च देण्यांत धरतात, आणि पुस्तकांत कधीच न आलेला ट्रेडमार्क विकला जाणार असेल तर तोही धरतात.

भारतात त्यामुळे पहिले काम उरते ते आधार नीट लिहून काढण्याचे. ‘हिशेब मोड-आधारावर केले आहेत’ हे एकच वाक्य पुरेसे नाही. प्रत्येक गटाची मालमत्ता कशी मोजली, विक्रीला किती अवधी धरला, कोणते खर्च वजा केले आणि कोणती देणी नव्याने धरली, हे टिपणात आले पाहिजे. ऑडिटर पुढे प्रत्येक आकडा या लिखित आधाराशीच ताडून पाहतो. हा आधार मोघम असेल तर कोणताही आकडा बरोबर म्हणून खपवता येतो.

एक उदाहरण

पुढचे उदाहरण काल्पनिक आहे, पण त्यातल्या अडचणी नेहमीच्या आहेत. एमआयडीसीच्या भाडेपट्ट्याच्या भूखंडावर कापड रंगवण्याचा आणि फिनिशिंगचा कारखाना चालवणारी एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. कामगार १२०, त्यांची सरासरी सेवा १२ वर्षे. सर्वांत मोठा ग्राहक गेला, बँकेचे खाते थकीत झाले आणि २० मे रोजी संचालक मंडळाने कारखाना बंद करण्याचा ठराव केला. ३१ मार्चच्या हिशेबांवर जुलैमध्ये सह्या व्हायच्या आहेत. जुन्या पद्धतीने कंपनीची मालमत्ता २,७४० लाख रुपये, देणी २,०१० लाख आणि भागधारकांचे निव्वळ मूल्य ७३० लाख दिसते.

जमीन आणि यंत्रे

मूल्यांकनकाराने भूखंड आणि इमारतीची घाईच्या विक्रीतली किंमत ७०० लाख काढली. पुस्तकी किंमत ४२० लाख होती, म्हणजे वरकरणी फायदाच. पण हा भूखंड कंपनीच्या मालकीचा नाही, भाडेपट्ट्याने घेतलेला आहे. तो दुसऱ्याच्या नावे करायला महामंडळाची परवानगी लागते, हस्तांतर शुल्क भरावे लागते आणि पाणीपट्टीसारखी थकबाकीही चुकती करावी लागते. यासाठी ९० लाख आणि दलाली व इतर खर्चाचे १० लाख वजा केल्यावर ६०० लाख राहतात. ऑडिटर करारनामा वाचतो, थकबाकीचा आकडा महामंडळाच्या पत्रावरून घेतो, आणि मूल्यांकनकाराने तुलनेला घेतलेले व्यवहार त्याच वसाहतीतले आणि तशाच भूखंडांचे आहेत ना ते पाहतो.

वाढलेली किंमत ताळेबंदात घ्यावी का, यावर जाणकारांत मतभेद आहेत. काहींच्या मते विक्रीचा पक्का करार होईपर्यंत वाढ फक्त टिपणात द्यावी. इतरांच्या मते सगळे अपेक्षित रोखीत मोजायचे ठरले असेल तर जमीन तेवढी जुन्या दराने ठेवणे विसंगत ठरते. कोणतीही बाजू घेतली तरी ती आधाराच्या टिपणात लिहिलेली असावी आणि सगळीकडे एकसारखी लावलेली असावी, एवढे ऑडिटर पाहू शकतो. या उदाहरणात अपेक्षित रोख हा आधार सर्वत्र धरला आहे.

यंत्रांची पुस्तकी किंमत १,१५० लाख आहे. मूल्यांकनाच्या पहिल्या अहवालात ती ५६० लाख आली होती. त्यातले एक स्टेंटर यंत्र जवळून पाहण्यासारखे आहे. ओले कापड ताणून वाळवणारे हे लांबलचक यंत्र पुस्तकांत २४० लाखांचे होते आणि अहवालात १४० लाखांचे. अहवालाच्या मागच्या पानांवर बारीक अक्षरांत गृहीतक होते: यंत्र जागेवरच, चालू स्थितीत, त्याच धंद्यातल्या खरेदीदाराला विकले जाईल. तेच यंत्र सुटे करून, क्रेनने उचलून दुसरीकडे न्यायचे असेल तर खरेदीदार ७० लाखांच्या पुढे जात नाही, आणि भंगाराच्या वजनावर विकले तर वीस लाखही येत नाहीत.

यातली कोणती किंमत खरी, याचे उत्तर यंत्राच्या अहवालात सापडत नाही, ते जमिनीच्या अहवालात सापडते. भूखंडाची ७०० लाख किंमत काढताना गोदामासाठी मोकळी जागा हवी असलेला खरेदीदार धरला होता. जमीन मोकळी करून विकायची आणि यंत्रे जागेवर ठेवून विकायची, ही दोन्ही गृहीतके एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. दोन मूल्यांकनकार, दोन अहवाल, दोन्ही आपापल्या जागी निर्दोष, आणि बेरीज मात्र चुकीची. मोड-आधाराच्या ऑडिटमध्ये वारंवार आढळणारा हा दोष आहे आणि दोन्ही अहवालांतली गृहीतके शेजारी मांडल्याशिवाय तो दिसत नाही. यंत्रे उचलून न्यायची हे धरल्यावर त्यांची एकूण किंमत ३१० लाखांवर आली.

मालसाठा आणि येणी

साठ्याची पुस्तकी किंमत ३८० लाख. मोजणीला हजर असताना ऑडिटरने आधी मालकी तपासायची असते. कापड रंगवणाऱ्या कारखान्यात पडलेले बरेचसे कापड ग्राहकांनी कामासाठी पाठवलेले असते. ते कंपनीचे नाही आणि कारखाना बंद होणार हे कळताच ग्राहक ट्रक घेऊन दारात उभे राहतात. मग रंग आणि रसायने. चालू कारखान्यात त्यांची किंमत खरेदीच्या दराने धरतात. बंद कारखान्यातून उघडलेले पिंप कोणी घेत नाही, आणि वापराची मुदत उलटली असेल तर त्याची विल्हेवाट लावायलाच पैसे मोजावे लागतात. अर्धवट प्रक्रिया झालेला माल पूर्ण करायचा तर वाफ, वीज आणि माणसे लागतात. तो खर्च वजा करून काही उरत असेल तरच पूर्ण करण्यात अर्थ आहे, एरवी तो तुकड्यांच्या भावाने जातो. शेवटी साठ्याचे १३० लाख धरले गेले.

येणी ५६० लाख होती. चालू धंद्यात ग्राहक पैसे देतो, कारण त्याला पुढचा माल हवा असतो. कारखाना बंद होणार म्हटल्यावर हा धाक संपतो. रंगछटा जुळली नाही, माल उशिरा आला, पन्हा कमी भरला, अशा कारणांच्या डेबिट नोटा येऊ लागतात. ऑडिटरला सर्वांत भक्कम पुरावा मिळतो तो ताळेबंदाच्या तारखेनंतर प्रत्यक्ष जमा झालेल्या रकमांचा. एप्रिल ते जुलैची बँक स्टेटमेंट हाती असतात. जे आले ते आले. जे आले नाही, त्यासाठी ग्राहकाकडून थेट खातरजमा, डेबिट नोटांची फाइल आणि परस्पर येणे-देणे असल्यास वळतेपणाची शक्यता पाहावी लागते. या कंपनीत ३९५ लाखांच्या पुढे पुरावा गेला नाही.

उरलेल्या ओळींत विकण्यासारखे फार थोडे असते. महावितरणकडची ठेव शेवटच्या बिलात वळती होते. आगाऊ भरलेल्या विम्याचा काही भाग परत मिळतो. जीएसटीचे पडून असलेले क्रेडिट विक्रीवरच्या कराविरुद्ध वापरता येते, पण रोख परतावा ठरावीक परिस्थितींतच मिळतो. या सगळ्याच्या १२० लाखांतून ४५ लाख हाती येतील असे धरले. ९० लाखांची डेफर्ड टॅक्स मालमत्ता मात्र पूर्ण शून्य झाली. पुढच्या नफ्यावरचा कर वाचेल म्हणून ती मांडलेली होती, आणि आता पुढचा नफाच नाही.

गुडविलचीही हीच गत होते. या कंपनीत ते नव्हते, पण मोठ्या कंपन्यांत तोच सर्वांत मोठा आकडा असू शकतो. ब्रिटनच्या कॅरिलियन या बांधकाम कंपनीच्या २०१६ च्या ताळेबंदात सुमारे १५७ कोटी पौंडांचे गुडविल होते आणि ते कंपनीच्या निव्वळ मूल्याहूनही मोठे होते. १५ जानेवारी २०१८ रोजी कंपनी सक्तीच्या अवसायनात गेली तेव्हा तिच्याकडे रोख जेमतेम २.९ कोटी पौंड उरली होती. या ऑडिटमधल्या त्रुटींसाठी ब्रिटनच्या नियामकाने २०२३ मध्ये केपीएमजीला २.१ कोटी पौंडांचा दंड केला.

पुस्तकांत नसलेली देणी

मालमत्ता कमी होते हे कोणाच्याही लक्षात येते. देणी वाढतात हे पटकन सुचत नाही, आणि ऑडिटर चुकण्याचा धोका इथे जास्त असतो. पुस्तकांत असलेली रक्कम तपासता येते. नसलेली रक्कम आधी शोधावी लागते. त्यासाठी करार, परवाने, कामगारांची यादी आणि बँकेची मंजुरीपत्रे एकेक करून वाचण्याला पर्याय नाही.

कामगारांपासून सुरुवात होते. कारखाना बंद झाल्यास कायद्यानुसार पूर्ण सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन भरपाई म्हणून द्यावे लागते. महिन्याचे वेतन सरासरी १८,००० रुपये धरले तर १२ वर्षांचे एका कामगाराचे १ लाख ८ हजार होतात, आणि १२० कामगारांचे सुमारे १३० लाख. चालू व्यवसायाच्या हिशेबात ही ओळ शून्य होती आणि ते बरोबरच होते. ग्रॅच्युइटीची तरतूद ९५ लाख होती. ती विमागणितज्ञाने काढलेली होती, म्हणजे कामगार पुढच्या अनेक वर्षांत हळूहळू निवृत्त होतील असे धरून भविष्यातली रक्कम आजच्या किमतीत आणली होती. सगळे एकदम घरी जाणार असतील तर हे गणित लागू पडत नाही. सव्वीस दिवसांचा महिना धरून पंधरा दिवसांच्या वेतनाने तीच रक्कम १५० लाख होते.

दुसरे देणे निर्यातीच्या परवान्यातले. काही यंत्रे ईपीसीजी योजनेखाली सवलतीच्या आयात शुल्कात आणली होती. त्या बदल्यात वाचलेल्या शुल्काच्या सहापट निर्यात सहा वर्षांत करण्याची हमी दिली होती. ८० लाखांचे शुल्क वाचले होते आणि साठ टक्के निर्यातच पूर्ण झाली. उरलेल्या हिश्शाचे ३२ लाख शुल्क आणि त्यावरचे सुमारे २८ लाख व्याज भरावे लागणार. शिवाय हे बंधन मोकळे झाल्याशिवाय ती यंत्रे विकताही येत नाहीत. यंत्रांची विक्री किंमत धरली आणि हे देणे विसरले, तर एकाच व्यवहाराची अर्धी बाजू मांडल्यासारखे होते.

बाकीची देणी लहान आहेत पण नेहमी निघतात. सूक्ष्म आणि लघु उद्योगांची बिले मुदतीत न दिल्याने बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज चढते. ते धरल्यावर पुरवठादारांचे ४३० लाख ४५५ झाले. बँकेचे १,४५० लाख दंडव्याजासह १,४८० झाले. सांडपाण्याच्या टाक्यांत साचलेला रासायनिक गाळ अधिकृत ठिकाणी पाठवायला १५ लाख लागतात. शेवटी विक्री पूर्ण होईपर्यंतचा पहारा, किमान वीजबिल, दोन-तीन हिशेबनीस आणि वकील, मिळून ४५ लाख. चालू व्यवसायाच्या हिशेबात भविष्यातला असा खर्च आधी धरता येत नाही. मोड-आधारावर धरायचा का, ते लिखित आधारावर अवलंबून आहे. इथे तो धरला आहे.

सगळे एकत्र मांडल्यावर चित्र असे दिसते (आकडे लाख रुपयांत):

| बाब | चालू व्यवसाय | मोड-आधार |
|---|---|---|
| भूखंड व इमारत | ४२० | ६०० |
| यंत्रे | १,१५० | ३१० |
| मालसाठा | ३८० | १३० |
| येणी | ५६० | ३९५ |
| ठेवी, कर क्रेडिट इ. | १२० | ४५ |
| डेफर्ड टॅक्स | ९० | ० |
| रोख व बँक | २० | २० |
| एकूण मालमत्ता | २,७४० | १,५०० |
| बँक | १,४५० | १,४८० |
| पुरवठादार | ४३० | ४५५ |
| ग्रॅच्युइटी | ९५ | १५० |
| बंदची भरपाई | ० | १३० |
| आयात शुल्क व व्याज | ० | ६० |
| गाळाची विल्हेवाट | ० | १५ |
| गुंडाळण्याचा खर्च | ० | ४५ |
| इतर देणी | ३५ | ३५ |
| एकूण देणी | २,०१० | २,३७० |
| निव्वळ | ७३० | −८७० |

७३० लाखांच्या शिलकीची ८७० लाखांची तूट झाली. १,६०० लाखांच्या या फरकात १,२४० लाख मालमत्ता घटल्याचे आहेत आणि ३६० लाख देणी वाढल्याचे. देण्यांतला हा फरक सुटला असता तर तूट ५१० लाखच दिसली असती, आणि पुरवठादारांना आपले किती पैसे परत येतील याचा अंदाज त्याच प्रमाणात चुकला असता. मालमत्ता कोणाकोणाकडे तारण आहे हेही टिपणात आले पाहिजे, कारण १,५०० लाख सर्वांत सारखे वाटले जात नाहीत. कंपनी पुढे दिवाळखोरी संहितेखाली अवसायनात गेली तर आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगारांची चोवीस महिन्यांची देणी आणि तारण सोडून दिलेले कर्जदाते एका पायरीवर, आणि त्याखाली बाकीचे, असा क्रम कायद्याने ठरवून दिला आहे. भागधारक सर्वांत शेवटी येतात.

आकडा कोणाच्या सोयीचा

चालू कंपनीत ऑडिटरला साधारणपणे एकाच बाजूची भीती असते, नफा आणि मालमत्ता फुगवल्याची. मोडीत निघालेल्या कंपनीत आकडा दोन्ही बाजूंना ओढला जातो. बँकेशी तडजोडीची बोलणी चालू असतील तर मालमत्ता कमी दाखवण्यात मालकांची सोय असते. वैयक्तिक हमी दिलेल्या संचालकाला मात्र मालमत्ता जास्त दिसलेली हवी असते, म्हणजे त्याच्या घरावर येणारा बोजा हलका वाटतो. यंत्रे जर मालकाच्या मेहुण्याच्या फर्मला विकली जाणार असतील तर कमी मूल्यांकन हे थेट नुकसानच.

म्हणून मूल्यांकनकार नोंदणीकृत आहे एवढ्यावर थांबता येत नाही. त्याला नेमले कोणी, सूचना काय दिल्या, यंत्रांची यादी कोणी पुरवली, त्याने कारखाना स्वतः पाहिला का, हे विचारावे लागते. त्याचबरोबर शेवटच्या दोन वर्षांतले व्यवहार पुन्हा चाळावे लागतात. दिवाळखोरी संहितेनुसार संबंधित व्यक्तींना इतरांच्या आधी झुकते माप देऊन केलेली परतफेड दोन वर्षे मागेपर्यंत उलटवता येते, इतरांच्या बाबतीत एक वर्ष. संचालकाच्या भावाचे बिनतारण कर्ज फेब्रुवारीत फेडले गेले असेल आणि पुरवठादार डिसेंबरपासून थांबले असतील, तर ती रक्कम परत येण्याची शक्यता, आणि व्यवहाराचा खुलासा, दोन्ही हिशेबांत दिसायला हवे.

अहवालात काय लिहिले जाते

हिशेब मोड-आधारावर नीट केले असतील, तो आधार परिस्थितीला योग्य असेल आणि टिपणांत पुरेसा उघड केला असेल, तर ऑडिटर स्वच्छ मत देऊ शकतो. कंपनी बुडाली म्हणून मत प्रतिकूल होत नाही. अशा अहवालात बहुधा ‘एम्फसिस ऑफ मॅटर’ नावाचा परिच्छेद घालून वाचकाचे लक्ष आधाराच्या टिपणाकडे वेधले जाते. आपल्या मतात त्यामुळे बदल नाही, हेही तिथेच लिहिलेले असते.

पर्याय संपले असतानाही संचालकांनी चालू व्यवसायाच्या आधारावरच हिशेब केले, तर मत प्रतिकूल द्यावे लागते. टिपणांत कितीही खुलासे लिहिले तरी त्याने सुटका होत नाही, कारण पायाच चुकलेला असतो. आधार बरोबर पण एखादा ठरावीक आकडा चुकीचा असेल, उदाहरणार्थ आयात शुल्काचे ६० लाख धरायला नकार दिला असेल, तर त्या बाबीपुरते सशर्त मत येते. आणि हिशेबनीस सोडून गेले, वीज तोडल्याने संगणक बंद, येणी तपासायला कागदच नाहीत, अशी स्थिती इतकी पसरलेली असेल की कशाचाच भरवसा देता येत नाही, तर ऑडिटर मत देण्यास असमर्थता नोंदवतो. मोडीत निघालेल्या कंपन्यांत हा चौथा प्रकार दुर्मीळ नाही.

मागच्या वर्षाचे आकडे शेजारी छापलेले असतात. ते चालू व्यवसायाच्या आधारावरचे असल्याने या वर्षाच्या आकड्यांशी त्यांची सरळ तुलना होत नाही. साधारणपणे ते नव्या आधारावर पुन्हा मांडले जात नाहीत, पण तुलना होत नाही हे टिपणात सांगावे लागते. मोड-आधाराचा प्रत्येक आकडा सह्यांच्या दिवसाच्या माहितीवर बेतलेला अंदाज असतो. जमीन ७०० लाखांऐवजी ६२० लाखांना गेली तर तूट ८० लाखांनी वाढेल. म्हणून सर्वांत मोठ्या दोन-तीन अंदाजांबाबत, विक्री लांबली किंवा किंमत पडली तर तूट किती बदलेल, हे टिपणात दिलेले असावे आणि ऑडिटरने ते गणितही तपासलेले असावे.